हवा तीच, सूर्य तोच. मग दुपारी निळं आणि मावळतीला लाल कसं?

ऋता

निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो म्हणून आकाश निळं दिसतं, हे शाळेपासून पाठ आहे. संध्याकाळी सूर्यप्रकाशाला जास्त हवेतून यावं लागतं म्हणून लाल, हेही पाठ आहे. पण ही दोन वाक्यं शेजारी-शेजारी ठेवली की माझं गाडं अडतं. जास्त हवा म्हणजे जास्त विकिरण. जास्त विकिरण म्हणजे जास्त निळं. या हिशोबाने संध्याकाळचं आकाश दुपारपेक्षाही गडद निळं व्हायला हवं! जिथे वाचलं तिथे हा सांधा पटकन उरकून पुढे गेलेले दिसले. कोणी नीट उलगडून सांगेल का?

शिवाय, जांभळ्याची तरंगलांबी निळ्याहून कमी. मग आकाश जांभळं का नाही?

कुतूहल

सोपं आहे. वातावरण लोलकासारखं काम करतं. सूर्य खाली गेला की किरण तिरपे शिरतात, निळा जास्त वाकतो, लाल कमी वाकतो, आणि आपल्यापर्यंत फक्त लाल पोचतो. इंद्रधनुष्यात होतं तेच.

ऋता

पण मग दुपारी सूर्य डोक्यावर असताना किरण जवळजवळ वाकतच नाहीत, तरी सगळं आकाश निळं असतं. सूर्यापासून कितीतरी दूर असलेला तुकडासुद्धा. हे वाकण्याने कसं होईल?

अनिमिष

ऋता, तुमची शंका अगदी रास्त आहे. ती सुटते, पण त्यासाठी थोडा गुणाकार करावा लागेल.

आधी कुतूहल यांच्यासाठी: वातावरणात किरण वाकतात हे खरं आहे. क्षितिजावरचा सूर्य त्यामुळे साधारण अर्धा अंश वर उचललेला दिसतो. पण रंगारंगातला फरक फार बारीक असतो. कधीतरी सूर्यबिंबाच्या वरच्या कडेला क्षणभर हिरवी झाक दिसते ती त्यामुळे. सगळं आकाश रंगवायची ताकद त्यात नाही.

आता मुख्य मुद्दा. दोन रंग घेऊन त्यांचा पाठलाग करू: निळा ४५० नॅनोमीटरचा आणि लाल ६५० नॅनोमीटरचा. हवेचे रेणू या लांबीपुढे अगदीच चिमुकले आहेत. अशा कणांकडून होणारं विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं. ६५० भागिले ४५०, त्याचा चौथा घात केला की सव्वाचारच्या वर येतो. म्हणजे निळा लालच्या चौपटीहून थोडा जास्त विखुरतो.

सूर्य डोक्यावर, हवा स्वच्छ, आपण समुद्रसपाटीला. निळ्यातला साधारण २० टक्के वाटेत विखुरतो आणि ८० टक्के सरळ पोचतो. लालमधला जेमतेम ५ टक्के विखुरतो, ९५ टक्के पोचतो. जे विखुरलं ते आकाशभर पसरून चहूबाजूंनी आपल्या डोळ्यांत येतं, त्यात निळ्याचं पारडं जड. हे झालं दुपारचं आकाश. सूर्याच्या सरळ प्रकाशातून फार काही गेलेलं नाही, म्हणून तो पांढराच.

आता सूर्य क्षितिजावर आणा. किरणाला दुपारच्या साधारण ३८ पट हवा ओलांडावी लागते. इथे सगळे फसतात. ३८ पट हवा म्हणजे ३८ पट विकिरण नव्हे, कारण प्रत्येक टप्प्यावर उरलेल्यातलाच वाटा कापला जातो. निळ्याचे ८० टक्के, त्याचे पुन्हा ८० टक्के, असं ३८ वेळा. कॅल्क्युलेटरवर ०.८ चा ३८ वा घात काढून बघा: दहा हजारांत दोन भाग उरतात. लालसाठी ०.९५ चा ३८ वा घात काढा: शंभरात चौदा. दोघांत जवळजवळ सातशे पटींचा फरक पडला.

म्हणजे संध्याकाळी क्षितिजाजवळच्या हवेपर्यंत जो प्रकाश पोचतो, त्यातला निळा आधीच खलास झालेला असतो. तिथले रेणू अजूनही निळ्यालाच चौपट विखुरू पाहतात, त्यांचा स्वभाव बदललेला नाही. पण पुरवठाच सातशे पटींनी कमी असेल तर चौपटीची बढती काय कामाची? ती हवा मग जे हाती आहे तेच, लाल-नारिंगी, विखुरते.

तुमच्या वाक्यात दुरुस्ती एवढीच: विकिरण जास्त होतं हे खरं, पण निळ्याचं विकिरण तुमच्यापासून फार दूर, किरणाच्या वाटेत आधीच उरकलेलं असतं.

ऋता

हे पहिल्यांदाच कळलं. म्हणजे हवेचा रंग विचारण्याआधी तिच्यावर पडणारा प्रकाश कोणत्या रंगाचा हे विचारायला हवं. घात काढून पाहिले, आकडे तेच आले.

एक विचारू? मग सूर्य उतरायला लागल्यापासून हळूहळू लाल का होत जात नाही? शेवटच्या थोड्या वेळातच सगळा खेळ होतो.

अनिमिष

कारण हवेची जाडी शेवटीच झपाट्याने वाढते. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असेल तर हवा फक्त दुप्पट. निळा ६४ टक्के, लाल ९० टक्के. डोळ्याला सूर्य पांढराच भासतो. १० अंशांवर साडेपाच पटींच्या आसपास. ५ अंशांवर सुमारे दहा पट, तेव्हा लाल निळ्याच्या सहापट उरतो आणि पिवळेपणा उघड दिसतो. दहा पटींपासून अडतीस पटींपर्यंतची सगळी वाढ त्या शेवटच्या ५ अंशांत होते, आणि तेवढं अंतर उतरायला सूर्याला कमीत कमी वीस मिनिटं लागतात.

जुना_विद्यार्थी

अनिमिष, फार सुरेख मांडलंत. यात एक भर घालतो. आपल्याकडे येता येता जो निळा गळाला, तो वाया जात नाही. तोच पश्चिमेकडच्या कुणाच्या तरी भर दुपारच्या आकाशाचा निळा रंग होतो. आपली संध्याकाळ म्हणजे त्यांच्या दुपारची उरलेली बाजू. ही कल्पना मला वर्षानुवर्षं आवडत आली आहे.

अनिमिष

अर्धी बरोबर आहे. निळा वाया जात नाही, तो शोषलाही जात नाही, फक्त दिशा बदलतो. पण दुपारचा मुद्दा भूमितीत बसत नाही. क्षितिजावरून येणारा किरण मागे मागे नेत जा. पृथ्वी गोल असल्याने तो तुमच्यापासून ३०० किलोमीटरवर जमिनीपासून सुमारे ७ किलोमीटर उंचीवर असतो, ५०० किलोमीटरवर जवळजवळ २० किलोमीटर उंचीवर. त्याच्या वर हवा इतकी विरळ की विकिरण नगण्य. म्हणजे निळ्याची सगळी गळती शेवटच्या काहीशे किलोमीटरांत होते. तुमच्या पश्चिमेला ३०० किलोमीटरवर उभ्या असलेल्या माणसाला त्याच वेळी सूर्य क्षितिजाच्या जेमतेम पावणेतीन अंश वर दिसतो. त्याचीही संध्याकाळच चालू असते. आपला गळालेला निळा त्याच्या संध्याकाळच्या आकाशात जातो आणि बराचसा वर अवकाशात निघून जातो.

जुना_विद्यार्थी

हं. पटलं. जिथे दुपार आहे तिथला प्रकाश आपल्या किरणांच्या वाटेवर येतच नाही, हे लक्षात घ्यायला हवं होतं. धन्यवाद.

भटका_तारा

मी बरीच वर्षं सूर्यास्ताचे फोटो काढतोय आणि माझं मत वेगळं आहे. खरा रंग धुळीमुळे येतो. हवा कायम तेवढीच असते, तर रोजचा सूर्यास्त सारखाच दिसायला हवा. तसा तो दिसत नाही. एक दिवस आकाश पेटल्यासारखं, दुसऱ्या दिवशी नुसतं मळकट पिवळं. रोज बदलते ती धूळ.

अनिमिष

रोजचा फरक कणांमुळे, ढगांमुळे आणि बाष्पामुळे पडतो, हे तुमचं निरीक्षण बरोबर. पण पायाचा रंग धुळीशिवायही येतो. वर केलेला सगळा हिशोब निव्वळ हवेचा होता, त्यात धुळीचा एकही कण नव्हता.

हा वाद जुना आहे. जॉन टिंडल यांनी १८६०च्या दशकात नळीत अतिसूक्ष्म कणांचे ढग तयार करून त्यातून प्रकाश सोडला आणि बाजूने सुंदर निळा रंग मिळवला. निळ्या आकाशालाही असेच तरंगते कण कारण असावेत, असं तेव्हा वाटत होतं. लॉर्ड रेले यांनी १८७१ साली चौथ्या घाताचं गणित मांडलं, तेव्हाही विखुरणारे कण बाहेरचेच असावेत अशी त्यांची समजूत होती. १८९९ मध्ये त्यांनीच दाखवलं की बाहेरचं काही लागत नाही, हवेचे रेणूच पुरेसे आहेत.

कणांचा आकार हा इथे कळीचा मुद्दा. तरंगलांबीपेक्षा बरेच लहान कण असतील तर ते निळ्याला जास्त विखुरतात आणि सूर्य आणखी लाल करतात. कण तरंगलांबीएवढे किंवा मोठे झाले की रंगाचा भेदभाव संपतो, सगळे रंग जवळजवळ सारखे विखुरतात. ढग पांढरे असतात ते म्हणूनच, आणि तुमचं मळकट पिवळं आकाशही त्यामुळेच. १८८३ मध्ये क्राकाटोआ आणि १९९१ मध्ये पिनाटुबो ज्वालामुखीचे उद्रेक झाले, तेव्हा गंधकाम्लाचे बारीक थेंब खूप उंचावर पसरले आणि पुढे कित्येक महिने जगभर विलक्षण सूर्यास्त दिसले. तिथे कण बारीक होते आणि उंचावर होते.

आणि निव्वळ धुळीचं राज्य बघायचं तर मंगळावर बघा. तिथली हवा अगदी विरळ, आकाशाचा रंग ठरवते ती धूळ. दिवसा आकाश पिवळसर-तपकिरी, आणि मावळत्या सूर्याभोवती निळसर वलय! यानांनी पाठवलेल्या फोटोंत ते स्पष्ट दिसतं. आपल्या बरोबर उलट.

भटका_तारा

मंगळाचं माहीत नव्हतं, वाचून थक्क झालो. पण माझा अनुभव असा की हवा अगदी धुतल्यासारखी असते तेव्हा सूर्यास्त सपक होतो. थोडी धूसरता हवीच.

अनिमिष

मी याच्याशी पूर्ण सहमत नाही. जमिनीलगतची धूसरता रंग मारते. उंचावर विरळ ढग असतील तर तो लाल प्रकाश पडायला पडदा मिळतो आणि सूर्यास्त खुलतो. तुमच्या चांगल्या फोटोंत ढग किती वेळा आहेत, ते तपासून बघा.

भटका_तारा

बऱ्याच फोटोंत आहेत, कबूल. पण बिनढगाचेही काही अफाट आहेत आणि त्या दिवशी धूसर होतं. तारखांसकट काढून ठेवतो, मग बोलू.

मुक्ताई

थोडं वेगळं विचारते. मुलांना दाखवायचं म्हणून काचेच्या भांड्यात पाणी घेतलं, दोन चमचे दूध घातलं आणि मोबाइलचा टॉर्च लावला. सगळं पांढरंफटक. ना निळं, ना लाल. काय चुकतंय?

अनिमिष

दूध फार झालं ताई. प्रकाश बाहेर पडण्याआधी असंख्य वेळा विखुरला की सगळे रंग एकमेकांत मिसळून पांढरं होतं. शिवाय सायीच्या दुधात चरबीचे गोळे असतात, ते हजार नॅनोमीटर आणि त्याहून मोठे. ढगाचाच प्रकार. स्निग्धांश काढलेलं दूध घ्या. त्यात प्रथिनांचे कण उरतात, ते साधारण शंभर-दोनशे नॅनोमीटरचे. थेंब थेंब घालत जा आणि प्रत्येक थेंबानंतर ढवळून बघा. भांडं लांबट हवं, खोली अंधारी हवी. एलईडी टॉर्चच्या प्रकाशात निळा भरपूर आणि खोल लाल कमी असतो, त्यामुळे तारेचा जुना बल्ब असलेली बॅटरी मिळाली तर शेवटचा रंग जास्त खुलेल.

बाजूने बघा, मग टॉर्चच्या समोरच्या टोकाकडून बघा.

मुक्ताई

जमलं! चौथ्या-पाचव्या थेंबाला बाजूने धुरकट निळसर झाक आली. टॉर्चजवळची बाजू जास्त निळी, लांबची बाजू पिवळट. समोरून बघितलं तर बल्ब नारिंगी दिसत होता. पण सूर्यास्तासारखा लाल काही केल्या होईना. आणखी दूध घातलं तर पुन्हा पांढरं.

अनिमिष

तुम्ही नेमकं पाहिलंत. एकाच भांड्यात जवळचा निळा आणि लांबचा पिवळा, म्हणजे ऋताच्या प्रश्नाचं उत्तर डोळ्यांसमोर. लाल न होण्याचं कारण असं की प्रथिनांचे कण रेणूंपेक्षा फार मोठे असतात, त्यामुळे निळ्याला मिळणारी बढती चौथ्या घाताइतकी नसते. लाल आणायला लांब भांडं आणि पातळ मिश्रण हा एकच मार्ग.

पोलराइज्ड गॉगल असेल तर त्यातून भांड्याकडे बाजूने बघत गॉगल फिरवा. निळसर झोत मंद-तेजस्वी होताना दिसला तर कण पुरेसे बारीक आहेत. आकाशातही हीच खूण सापडते: सूर्यापासून काटकोनात असलेल्या भागाकडे बघत गॉगल फिरवला की तो भाग गडद-फिका होतो. सूर्याकडे मात्र बघायचं नाही, गॉगल असला तरी.

ऋता

मुक्ताईंच्या भांड्यावरून आठवलं. भर दुपारीसुद्धा क्षितिजाजवळचं आकाश निळं नसतं, पांढुरकं असतं. ते धुळीमुळे?

अनिमिष

काही अंशी. पण अगदी स्वच्छ हवेतही ते पांढरट दिसतं. दुपारी क्षितिजाकडच्या सगळ्या हवेवर वरून पांढरा सूर्यप्रकाश पडतो. जवळची हवा निळा जास्त पाठवते, पण लांबच्या हवेने पाठवलेला निळा तुमच्यापर्यंत येता येता पुन्हा विखुरून जातो. लाल कमी विखुरतो, पण फार लांबूनही सुखरूप पोचतो. निळा जवळून भरपूर, लाल लांबून थोडा थोडा. बेरीज जवळपास पांढरी.

जांभळ्याचं राहिलं होतं. आकाशातून येणाऱ्या प्रकाशात जांभळा असतो. पण सूर्याकडूनच तो निळ्यापेक्षा कमी येतो, आणि आपले डोळे त्याला फार कमी दाद देतात. शिवाय आकाशाचा प्रकाश शुद्ध नसतो, त्यात हिरवा, पिवळा, लाल सगळे थोडे थोडे असतातच. त्या मिश्रणाला आपली नजर फिकट निळा ठरवते.

कुतूहल

मग मधमाशीला आकाश कसं दिसत असेल? तिला अतिनील दिसतं म्हणतात आणि लाल दिसत नाही.

अनिमिष

अतिनील तिला दिसतं, आणि आकाशप्रकाशाच्या कंपनांची दिशाही कळते, गॉगल फिरवून आपण ओळखतो तीच. त्यावरून ती वाट काढते. पण तिला रंग म्हणून काय जाणवत असेल, हे आपण तिच्या जागी जाऊन सांगू शकत नाही.

गार्गी_

सगळा धागा वाचला. अनिमिष, तुमच्याच हिशोबावर एक अडचण मांडते. सूर्य बुडाल्यावर थोड्या वेळाने डोक्यावरचं आकाश गडद, सुंदर निळं असतं. तिथल्या उंच हवेवर पडणारा प्रकाशही वातावरणातून तिरपा, लांबचा प्रवास करून आलेला असतो. त्यातला निळा वाटेत बराच गळायला हवा. म्हणजे डोक्यावर पिवळट-करडं दिसायला पाहिजे. दिसतं तर निळंच!

अनिमिष

तुम्ही अगदी दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. निव्वळ विकिरणाने हे जमत नाही. ई. ओ. हलबर्ट यांनी १९५३ मध्ये हाच हिशोब केला आणि दाखवलं की त्या वेळच्या निळ्याचं श्रेय मुख्यतः ओझोनला जातं. ओझोन फक्त अतिनील अडवतो असं नाही, ६०० नॅनोमीटरच्या आसपासचा नारिंगी-पिवळा प्रकाशही तो थोडासा शोषतो. दुपारी किरण ओझोनच्या थरातून सरळ खाली येतो, तेव्हा त्याचा परिणाम जाणवत नाही. सूर्य बुडाल्यावर मात्र किरण त्या थरातून आडवा, लांबवर जातो. नारिंगी शोषला जातो आणि निळ्याची बाजू पुन्हा वर येते.

म्हणजे दुपारचा निळा विखुरण्यातून आलेला, आणि संधिप्रकाशात डोक्यावरचा निळा बराचसा शोषणातून उरलेला. डोळ्यांना दोन्ही निळेच.

ऋता

मग सूर्य नेमका क्षितिजावर असताना डोक्यावर दिसतो तो निळा कोणाचा?

अनिमिष

दोघांचाही. सूर्य जितका खाली तितका ओझोनचा वाटा वाढत जातो. त्या क्षणाचं अमुक टक्के असं एकच उत्तर देता येत नाही, कारण ओझोनचं प्रमाण ऋतू आणि अक्षांशानुसार बदलतं आणि हवेतले कणही त्यात ढवळाढवळ करतात.

जुना_विद्यार्थी

खग्रास चंद्रग्रहणात चंद्र तांबूस दिसतो, तो याच हिशोबाने ना?

अनिमिष

हो. तो प्रकाश पृथ्वीच्या कडेने वातावरणात शिरून पलीकडे बाहेर पडलेला असतो. आपण सूर्यास्त बघतो तिथे त्याचा निम्माच प्रवास झालेला असतो, म्हणजे तिथे हवा आणखी दुप्पट. आणि गार्गींसाठी: ग्रहण खग्रास होण्याच्या जरा आधी किंवा खग्रास स्थिती संपल्यावर लगेच, दुर्बिणीतून सावलीची कड बघा. तांबूस भाग आणि उजळ भाग यांच्यामध्ये एक अस्पष्ट निळसर पट्टा दिसतो. तिथे पोचलेला प्रकाश उंचावरून, ओझोनच्या थरातून आलेला असतो.

गार्गी_

पुढच्या ग्रहणाला नक्की बघणार. भटका_तारा, तुमचा कॅमेरा असेल तर तो पट्टा फोटोत यायला हवा.

भटका_तारा

प्रयत्न करतो. उजळ भाग जळू न देता तांबूस भागही टिपायचा म्हणजे दोन-तीन वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो लागतील. आणि अनिमिष, बिनढगाच्या सूर्यास्तांची यादी करायला घेतली आहे. आपला वाद अजून संपलेला नाही.